कारल्याचे काप तळताना कडक, ताटात येईपर्यंत मऊ: पाणी नेमकं कुठे राहतंय ते कसं ओळखायचं

पावसाळा लागला की आमच्या बिल्डिंगमध्ये हा विषय निघतोच. कारल्याचे काप कढईतून काढले तेव्हा छान कडक होते, वरणभात वाढेपर्यंत लुळे पडले, परत तेलात टाकले तर काळे झाले आणि कडू लागले. मग कुणी सांगतं कॉर्नफ्लॉवर लाव, कुणी म्हणतं तेल धूर येईपर्यंत तापव, कुणी म्हणतं दोनदा तळ, आणि हे सगळं एकदम केलं की काप एखाद वेळी जमतात पण कशामुळे जमले ते कळत नाही, पुढच्या वेळी परत तेच.

मी इथे फक्त त्या बारीक गोल चकत्यांबद्दल लिहितेय ज्या कढईत भरपूर तेलात तळून चिप्ससारख्या खातात. रवा लावून तव्यावर करतात ते काप वेगळे, ते आतून मऊ असणं बरोबरच आहे. अळकुड्यांचं, म्हणजे भाजीवाला ज्याला अरबी म्हणतो त्यांचं, शेवटी लिहिलंय कारण मिठाच्या बाबतीत त्यांचं सगळं उलटं आहे.

आधी एक गोष्ट बघा, काप मऊ *कधी* पडतात. यावरच सगळं निदान आहे.

कढईतून काढल्या काढल्या वाकतात म्हणून लगेच घाबरू नका. गरम काप थोडा वाकतोच, कडकपणा थंड झाल्यावर येतो. एक काप काढून ताटलीत ठेवा, दोन मिनिटं थांबा आणि मग मोडा. कट्कन मोडला तर तळण पूर्ण झालंय. वाकला, ताणला गेला, दाताखाली वातड लागला, तर आत पाणी आहे, अजून तळायला हवं होतं.

दोन मिनिटांनी कट्कन मोडतोय पण पंधरा-वीस मिनिटांनी मऊ, तर कडा कोरड्या झाल्यात आणि मधल्या भागात ओल राहिलीय. ती ओल हळूहळू कडांकडे सरकते आणि सगळा काप सारखाच मऊ करून टाकते. ही तक्रार सगळ्यात जास्त असते आणि लोक याला "हवा लागली" म्हणतात. पंधरा मिनिटांत हवेनं इतकं होत नाही हो, ते पाणी कापाच्या आतलंच असतं.

रात्री डब्यात भरताना कडक आणि सकाळी मऊ, तर ते मात्र सादळलेत. म्हणजे एकतर कोमट असताना झाकण लावलं, किंवा डबा नीट बंद होत नाही, किंवा मीठ आधीच भुरभुरून ठेवलं आणि मिठानं पावसाळी हवेतली ओल ओढली. याची खात्री करायला सोपी युक्ती आहे. दोन-चार काप जाड तव्यावर अगदी मंद आचेवर पाच-सात मिनिटं ठेवा, उलटसुलट करा, मग गार होऊ द्या. परत पहिल्यासारखे कडक झाले आणि पुढचा तास तसेच राहिले तर तळण्यात चूक नव्हती, ठेवण्यात होती.

आणि चौथा प्रकार म्हणजे मऊ नाहीत पण तेलकट, बोटाला तेल लागतंय, तोंडात मेणासारखं वाटतंय. ते तेलाच्या तापमानाचं आणि काप काढायच्या पद्धतीचं दुखणं आहे, त्याच्याकडे नंतर येते.

आता मागच्या आषाढातली गोष्ट सांगते म्हणजे हे सगळं एका जागी दिसेल. आम्ही नाशिकला पंचवटीत राहतो. खालच्या मजल्यावरच्या काकू कारल्याचे काप वर्षानुवर्षं करतात, पण पूर्वी त्यांच्या सासूबाई चिरून, वाळवून द्यायच्या आणि काकू फक्त तळायच्या. आता सगळं एकटीनं करायचं म्हटल्यावर तीन वेळा बिघडलं. त्या आठवड्यात गोदेला पाणी होतं, दुतोंड्या मारुती कमरेपर्यंत बुडालेला, काठावरचा बुधवारचा बाजार भरला नव्हता, त्यामुळे काकूंनी आधीच्या आठवड्यातली कारली फ्रिजमधून काढली होती. मला फोन केला, "अगं, परत तेच झालं बघ. खाली ये जरा, तुझ्यासमोरच तळते."

मी गेले आणि काहीही न बोलता नुसतं बघत बसले. काकूंनी पाव किलो कारली विळीवर चिरली. विळीवर हात पटापट चालतो त्यांचा, पण चकत्या काही कागदासारख्या आणि काही दोन रुपयाच्या नाण्याच्या दुप्पट जाड. मीठ चोळून दहा मिनिटं ठेवलं. मग नळाखाली धुतल्या, कडूपणा जावा म्हणून. हातानं पिळल्या, ताटात घेतल्या, आणि छोट्या कढईत सगळ्याच्या सगळ्या एकाच घाण्यात टाकल्या, गॅस फुल. तेल केवढं उसळून फेसाळलं, काकूंना मागे सरकावं लागलं. पहिली तीन-चार मिनिटं चकत्या नुसत्या पाण्यात शिजल्यासारख्या दिसत होत्या, मग फेस कमी होऊन तेल परत तापलं तशा झपाझप रंगल्या, पातळ होत्या त्या करपल्या, आणि काकूंनी घाईनं सगळ्या काढून स्टीलच्या डब्यात टिश्यूवर टाकल्या, मुंग्या लागू नयेत म्हणून झाकण ठेवलं.

दहा मिनिटांनी मी झाकण उघडलं तर आतल्या बाजूला पाण्याचे बारीक थेंब जमले होते. ते बोट फिरवून काकूंना दाखवलं. "काकू, हे पाणी बाहेरून नाही आलं. हे कारल्यातलंच आहे."

आता एकेक बघू, काय चुकलं आणि का.

कारलं जवळजवळ सगळं पाणीच असतं, शंभर ग्रॅममध्ये नव्वदच्या वर ग्रॅम पाणी. काप कुरकुरीत करायचा म्हणजे ते जवळपास सगळं बाहेर काढायचं. ते काढायला तीन ठिकाणं आहेत: मीठ, पंखा, आणि तेल. मिठानं आणि पंख्यानं जितकं काढाल तितकं तेलाचं काम कमी. काकूंनी मिठाला दहाच मिनिटं दिली, वर नळाखाली धुऊन निघालेलं पाणी परत आत घातलं, पंखा दिलाच नाही, म्हणजे सगळा भार तेलावर टाकला. आणि तेलाकडे तर वेळ कमी असतो, कारण पाणी जाईपर्यंत थांबलं तर कडा करपतात.

चिरणं. चकती साधारण दोन मिलिमीटर जाड हवी, म्हणजे नाण्यापेक्षा किंचित जाड. त्याहून पातळ केली तर मिठानंतर पिळताना फाटते आणि तेलात लगेच करपते, चार मिलिमीटर झाली तर मध्ये ओल राहतेच राहते. पण खरं सांगू का, जाडी किती यापेक्षा सगळ्या *सारख्या* असणं महत्त्वाचं, कारण एका घाण्यात पातळ आणि जाड एकत्र असतील तर पातळ झाल्या म्हणून काढाल तेव्हा जाड कच्च्या असणार. विळीवर हात बसलेला असेल तर छानच, नाहीतर बटाट्याचे वेफर्स करायची किसणी घ्या, ती आहेच घरी प्रत्येकाच्या.

कारलं कोवळं घ्या. कापल्यावर आतला गर पांढरा आणि बी मऊ असेल तर बीसकट ठेवा, बी तळून छान लागते. फ्रिजमध्ये आठवडाभर राहिलं की कारलं पिवळसर पडतं, आत बी लाल होते, गर स्पंजासारखा. हा स्पंज काढून टाका, तो पाणीही धरतो आणि नंतर तेलही पितो. पिकायला लागलेलं कारलं तळताना लवकर लाल होतं, म्हणजे रंग आला पण ओल गेली नाही असं हमखास होतं. काकूंची कारली तशीच होती. वरचे काटे मात्र तासू नका, कडकपणा त्या काट्यांवर आधी येतो आणि चवही तिथेच असते, हे माझं ठाम मत.

मीठ. पाव किलोला चहाचा एक सपाट चमचा मीठ, चिमूटभर हळद, आणि अर्धा तास. मीठ चकतीच्या आतलं पाणी बाहेर ओढतं, आणि हे दहा मिनिटांत होत नाही. वीस मिनिटांपर्यंत पाणी सुटतच राहतं, अर्ध्या तासानंतर फार फरक पडत नाही, म्हणून तासभर ठेवायचीही गरज नाही. परातीत ठेवू नका, रोळीत किंवा चाळणीत ठेवा आणि खाली वाडगा, नाहीतर चकत्या त्याच पाण्यात बसून राहतात.

मग पिळा, पण कपडे पिळतो तसं नाही. ओंजळीत मावतील एवढ्या घेऊन दोन्ही तळव्यांमध्ये दाबा, पाणी गळायचं थांबलं की सोडा. मुरगळल्या तर चकत्या फाटून चोथा होतो आणि चोथा तळला की नुसता करपतो.

धुवायचं नाही. हा मुद्दा काकूंना पटेना, "मग खारट नाही होणार का?" नाही होत, कारण बरंचसं मीठ सुटलेल्या पाण्याबरोबरच जातं, फक्त तळल्यावर वरून मीठ घालताना आधी चव बघायची. कडूपणाही त्याच पाण्याबरोबर काहीसा जातो. पूर्ण जात नाही आणि जाऊही नये, मग कारलं कशाला खायचं.

वाळवणं. माझ्या मते सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात, कारण इथे काही *करायचं* नसतं, नुसतं थांबायचं असतं. सुती पंचा किंवा जुनी सुती साडी पसरा, चकत्या एकेरी थरात ठेवा, एकमेकींवर नाही, आणि पंख्याखाली पाऊण तास. मध्ये एकदा उलटा, कारण खालची बाजू कापडाला लागून ओली राहते. आपल्याकडे हिवाळ्यात, कोरडी थंडी असते तेव्हा अर्धा तासही पुरतो. आषाढ-श्रावणात बाहेर रिपरिप आणि खिडकीत कपडे लटकलेले असतील तर पंखा दमट हवाच फिरवत राहतो, तेव्हा दीड तास धरा.

पण घड्याळ बघू नका, चकती बघा. वाळलेली चकती पाठीवर, म्हणजे आपल्या हाताच्या पाठीवर दाबली तर चिकटत नाही, खाली पडते. कडा किंचित वर वळलेल्या असतात आणि हिरवा रंग थोडा फिका, चमक गेलेला. ओली असेल तर हाताला गार लागते आणि चिकटून राहते. ही एक परीक्षा केली तर तेल उसळायचंही बंद होतं, कारण उसळतं ते चकतीच्या वरचं पाणी.

(चैत्र-वैशाखात आपल्याकडे ऊन कडक असतं तेव्हा गच्चीवर दोन-तीन दिवस खडखडीत वाळवून ठेवली तर ती सुकवणी होते, वर्षभर टिकते. पण ती तळताना हे खालचं काहीही लागू नाही, ती मध्यम गरम तेलात काही सेकंदांत फुलते आणि नजर हटली की काळी. काकूंच्या सासूबाई हेच द्यायच्या, म्हणून काकूंना "टाकलं की झालं" अशी सवय होती.)

तेल. आता मुख्य गोष्ट. तेलात दिसणारे बुडबुडे म्हणजे तेल उकळत नसतं, ती कारल्यातल्या पाण्याची वाफ असते. पाणी शंभर डिग्रीच्या आसपास वाफ होऊन निघतं, तेल दीडशे-एकशे साठ डिग्री असतं. जोपर्यंत बुडबुडे येतायत तोपर्यंत आत पाणी आहे. बुडबुडे विरळ आणि बारीक झाले, आवाज बसला, की पाणी संपत आलं. म्हणजे कढई स्वतःच सांगते झालं की नाही, आपण फक्त रंगाकडे बघत बसतो.

तेल फार गरम असेल, एकशे ऐंशीच्या वर, तर कडा मिनिट-दोन मिनिटांत लाल होतात, आपण काढून घेतो, आणि मध्ये पाणी तसंच. "ब्राऊन झाले होते तरी मऊ कसे" याचं उत्तर हेच. तेल थंड असेल, एकशे तीस-चाळीसच्या खाली, तर वाफेचा जोर नसतो, चकती तेलात नुसती पडून राहते आणि तेल पिते. चकत्यांना हवं ते मधलं, दीडशे ते एकशे साठ, आणि वेळ भरपूर.

थर्मामीटर नसेल तर एक चकती टाका. तळाशी जाऊन तीन-चार सेकंदांत बुडबुड्यांसकट वर आली आणि शांतपणे फसफसत राहिली तर बरोबर. तळाशीच बसून राहिली तर थंड. पडता क्षणी वर उडी मारून अर्ध्या मिनिटात रंग बदलला तर जास्त तापलंय, गॅस बंद करून दोन मिनिटं थांबा.

घाणा छोटा घ्या. कढईत अर्धा लिटर तेल असेल तर पाव किलो कारल्याच्या पिळून-वाळलेल्या चकत्यांचे तीन घाणे. कढई अर्ध्याच्या वर तेलानं भरू नका, फेस वर येतो. चकत्या टाकल्या की तेल वीस-पंचवीस डिग्रीनं खाली येतंच, म्हणून आधी तेल एकशे सत्तरच्या आसपास घ्या, टाकल्यावर मिनिटभर गॅस मोठा ठेवा, मग मध्यम. एकदम सगळ्या टाकल्या तर तेल इतकं गार होतं की परत तापायला चार-पाच मिनिटं जातात, आणि तेवढा वेळ चकत्या तळल्या न जाता उकडतात. काकूंच्या कढईत मी हेच बघितलं.

एका घाण्याला सहा ते आठ मिनिटं लागतात. ऐकून जास्त वाटतं, पण लागतात. सुरुवातीला मोठे बुडबुडे आणि जोरात सळसळ, तेव्हा झाऱ्यानं हलक्या हातानं एकमेकींपासून सोडवा. चौथ्या-पाचव्या मिनिटाला आवाज खाली येतो. मग झाऱ्यानं ढवळताना चकत्या एकमेकींवर आपटल्याचा कोरडा आवाज येतो, सुक्या पानांसारखा, आधी तो येत नाही कारण ओल्या चकत्या आवाज करत नाहीत. हा आवाज आला, बुडबुडे तुरळक झाले, की एक काढून दोन मिनिटांची परीक्षा. आणि हवा त्या रंगाच्या एक छटा आधीच काढा, बाहेर आल्यावरही गरम चकती थोडी गडद होते.

काढताना गॅस बारीक करून निवांत काढू नका, उलट शेवटची अर्धी मिनिट आच वाढवा. कारण जास्तीचं बरंचसं तेल तळताना नाही तर बाहेर काढल्यावर आत शिरतं: आतली वाफ गार होऊन आक्रसते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढून घेते. म्हणून झाऱ्यात घेतल्या की कढईवरच दोन-तीनदा झटका आणि लगेच जाळीवर पसरा. टिश्यूवर ढीग केला तर वरच्या कोरड्या राहतात आणि खालच्यांची वाफ अडकते. तेलकटपणाची तक्रार असेल तर आधी हे करून बघा, मग तेलाचं तापमान.

लाकडी घाण्याचं तेल वापरत असाल तर लक्षात ठेवा की ते रिफाइंडपेक्षा लवकर धूर सोडतं आणि जास्त फेसाळतं. चवीला मला शेंगदाण्याचंच आवडतं, पण या लांब तळणासाठी रिफाइंड शेंगदाणा तेल सोपं जातं.

दोनदा तळणं कधी? काप जरा जाड झालेत, किंवा पाहुणे आठ वाजता येणारेत आणि तुम्हाला सहालाच तळून ठेवायचेत, तेव्हा. पहिल्यांदा दीडशेला तळा, बुडबुडे बरेच कमी झाले पण रंग फार आला नाही तेव्हा काढा. दहा मिनिटं जाळीवर पसरून ठेवा. एवढ्या वेळात मधली ओल कडांकडे सरकते, तेच जे आपल्याला ताटात नको असतं ते इथे मुद्दाम होऊ द्यायचं. मग एकशे पंचाहत्तरच्या तेलात चाळीस सेकंद ते एक मिनिट, ती वर आलेली ओल उडून जाते. पण आधीच लाल झालेल्या कापांना दुसरं तळण म्हणजे करपवणं, म्हणून पहिल्या वेळी रंग येऊ द्यायचा नाही. "परत तळले तर काळे झाले" असं म्हणणाऱ्यांचं इथेच चुकतं.

काकूंकडे दुसऱ्या दिवशी ताजी कारली आणली, आणि मी माझा किचनमधला छोटा वजनकाटा घेऊन गेले. पाव किलो कारली, देठ आणि जून बिया काढून २१० ग्रॅम. मीठ लावून अर्धा तास, पिळून १५२. वाडग्यात चांगलं अर्धी वाटी हिरवट पाणी, काकू ते बघून म्हणाल्या, "एवढं सगळं मी तेलात घालत होते होय!" पंख्याखाली सव्वा तास, पाऊस चालूच होता, ११४ ग्रॅम. म्हणजे २१० पैकी शंभर ग्रॅमच्या आसपास वजन गॅस पेटवायच्या आधीच गेलं. मग तीन घाणे, प्रत्येकी सात मिनिटांच्या आसपास, आणि तयार काप भरले ४१ ग्रॅम, त्यातही बरंच तेल आलंच. पहिला घाणा टाकला तेव्हा तेल उसळलं नाही, नुसतं फसफसलं, आणि काकू मागे सरकल्या नाहीत.

मीठ-मसाला आणि ठेवणं. तळायच्या आधी तिखट लावू नका, ते तेलात करपून कडू होतं आणि तेलही खराब करतं. काप गरम असतानाच तिखट, आमचूर, आणि चव बघून बारीक मीठ. मात्र डब्यात भरून ठेवायचे असतील तर पावसाळ्यात मसाला लावूच नका, वाढताना लावा, थोडं तेलाचं बोट लावलं की चिकटतो.

तांदळाचं पीठ किंवा कॉर्नफ्लॉवर लावायला माझी ना नाही, पाव किलोला चमचाभर पुरे. पण समजून घ्या की मग कडक होतं ते पीठ. आत ओल असेल तर ती अर्ध्या तासात पिठालाही मऊ करते. म्हणजे पीठ हा ओलीवरचा उपाय नाही. आणि लावायचं असेल तर तेलात टाकायच्या अगदी आधी, नाहीतर मिठाच्या चकत्यांना पाणी सुटून त्याचं पिठलं होतं.

जाळीवर पूर्ण गार होऊ द्या, पंधरा-वीस मिनिटं. हाताला अजिबात कोमट लागता कामा नये. पण पावसाळ्यात तासन्तास उघडेही ठेवू नका, गार झाले की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात. झाकणाच्या आत धुकं दिसलं तर परत काढून पसरा, अजून वेळ गेलेली नसते. सादळलेच तर वर सांगितलेला मंद तवा, किंवा ओव्हन असेल तर एकशे दहा डिग्रीला सात-आठ मिनिटं. परत तेलात घालू नका.

अळकुड्या. कारल्याची सवय लागली की लोक अळकुड्यांनाही मीठ लावून ठेवतात आणि मग विचारतात की सगळं बुळबुळीत का झालं. अळकुडीत भानगड पाण्याची कमी, पीठ आणि चिकट रसाची जास्त आहे. मीठ लावलं की तो चिकट रस सुटतो, चकत्या एकमेकींना चिकटून तेलात लगदा होतो. म्हणून आधी मीठ नाहीच.

सोलताना अळकुड्या आणि हात दोन्ही कोरडे ठेवा, हाताला थोडं तेल चोळा, नाहीतर खाज सुटते. दोन मिलिमीटरच्या चकत्या करून चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यात दोनदा पटकन खळबळून घ्या, भिजत ठेवू नका. वरचं सुटं पीठ आणि चिकटपणा गेला की लगेच पंचावर टिपून पंख्याखाली अर्धा तास. तेल एकशे साठच्या आसपास, आणि चकत्या मुठीनं न टाकता एकेक सोडायच्या, पहिलं मिनिट झारा लावायचा नाही, वरचा थर घट्ट झाला की आपोआप सुट्या होतात. चार-पाच मिनिटं पुरतात. कच्चट राहिल्या तर घसा खाजतो, म्हणून मधली चकती मोडून बघा, मध्ये ओलसर, साबणासारखा पट्टा दिसला तर अजून एक मिनिट. मीठ तळून झाल्यावर, गरम असतानाच.

दोन्ही एकाच दिवशी करणार असाल तर अळकुड्या आधी तळा आणि कारली नंतर, कारण कारल्याचं तेल थोडं कडवट होतं. तळण झालं की तेल गाळून करपलेल्या बिया काढून टाका आणि वेगळ्या बरणीत ठेवा. आमच्याकडे ते भरल्या कारल्याच्या फोडणीत संपतं.